नवसाबाईच्या नावापुढचा डाग

नवसाबाईने नवऱ्याचं नाव माझ्यासमोर कधी घेतलं नाही. "रवीचे वडील" एवढंच म्हणायची. मोतीराम हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या मुलाच्या, रविराजच्या तोंडून, आणि तेही यंदाच्या कार्तिकात.

पंचवटीत देवळाच्या पूर्व दरवाजाबाहेर, चप्पल ठेवण्याच्या फळ्यांच्या पलीकडे ती बसते. खाली गोणपाट, त्यावर ओलं फडकं आणि फडक्यावर झेंडू, शेवंती, गुलछडी. तुळशीच्या माळा वेगळ्या टोपलीत. मखमलाबादच्या पुढे त्यांचं थोडं शेत आहे, फुलं तिथलीच. मी रोज सकाळी काकड्यानंतर तिच्याकडून एक तुळशीची माळ घेते. एकोणीस वर्षं झाली. माझ्या रोजच्या वहीत तिचं नाव कितीदा आलं असेल, मोजलेलं नाही. आज तिला ताप होता, आज बाजार पडला म्हणाली, आज हसली. असंच सगळं.

कपाळावर मोठं कुंकू लावायची. चिकटवायची टिकली नाही. मेण लावून त्यावर पिंजर. सत्याण्णव साली नवरा घर सोडून गेला तरी तिनं ते एक दिवस चुकवलं नाही. बाजारातल्या बाया टोमणे मारायच्या. शेजारी हार विकणारी भागुबाई तर तोंडावर म्हणायची, "नवसे, तुझा नवरा दिसत नाय, पण कुंकू पार कोसावरून दिसतं." नवसाबाई हार ओवता ओवता म्हणायची, "तुझा रोज दिसतो, म्हनून तू डोळं मिटून घेती व्हय?" भागुबाईचा नवरा पिणारा. मग दोघी हसायच्या.

मोतीराम गावच्या पोस्टात होता. दुपारी ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायचा. डावखुरा माणूस. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून उजव्या हातात पेन द्यायला पाहिलं, पण नाही जमलं. शाईच्या पेनानं डाव्या हातानं लिहायचं म्हणजे हात अक्षरांच्या मागून येतो. ओली शाई तळव्याच्या कडेखाली सापडते आणि उजवीकडे ओढली जाते. गावात म्हणायचे, मोतीरामनं लिहिलेलं कार्ड वाऱ्यात वाचायला धरल्यासारखं दिसतं. त्याच्या डाव्या तळहाताची करंगळीकडची कड कायम निळी असायची. नवसाबाईने हे सगळं मला एका पावसाळ्यात सांगितलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. ती म्हणाली, "धुतल्यावर बी जायचं नाय, ताई. भाकरीवर डाग पडायचा."

तो का गेला हे तिला ठाऊक नव्हतं. भांडण नाही, दारू नाही. एका सकाळी पोस्टाची पिशवी आत टांगून, कुलूप लावून, किल्ली सरपंचांच्या घरी देऊन गेला. रविराज तेव्हा सतरा वर्षांचा. सासू होती. सासूनं आणि सुनेनं मिळून शेत सांभाळलं. दोन हजार तीनपासून नवसाबाई फुलं घेऊन पंचवटीत येऊ लागली. दोन हजार दहाच्या पावसाळ्यात गावात साथ आली, सासू आणि ही दोघी एकाच दिवशी सरकारी दवाखान्यात. सासू चौथ्या दिवशी गेली. नवसाबाई महिनाभर पडून होती. तीही गेली अशी बातमी गावात पसरली होती. बरी होऊन एसटीतून उतरली तेव्हा फाट्यावरच्या चहावाल्याच्या हातातली किटली निसटली, असं ती सांगायची. हे सांगताना तिला मजा वाटायची.

यंदा सृष्टीचं लग्न ठरलं, रविराजच्या मुलीचं. मुलाकडची माणसं देवळाली कॅम्पची, शिस्तीची. त्यांनी पत्रिकेचा मजकूर मागितला. पत्रिकेवर वर आजोबाचं नाव येतं. त्याच्यापुढे श्री. की कै.? मुलाच्या आजीनं सरळच विचारलं, हळदीला नवरीची आजी सुवासिनींत बसणार की नाही.

मग रविराज रंगनाथ गुरुजींकडे गेला. रामकुंडाजवळ गुरुजींचं घर आहे, रविराजच्या गावाचं उपाध्येपण त्याच घराण्याकडे. गुरुजींनी सांगितलं, बारा वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसेल तर पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्याच माणसाचं नाव द्यायचं, अग्नी द्यायचा. पुढचं सगळं सुतक, दहावं, तेरावं. मार्गशीर्षातला दिवस काढून दिला.

नवसाबाईनं दोन दिवस शेतातून खाली यायचं नाकारलं. तिसऱ्या दिवशी आली आणि मला म्हणाली, "जित्या मानसाला जाळायचं म्हनत्यात, ताई." मी शास्त्र सांगायला गेले, तर ती म्हणाली, "शास्तर मला बी म्हाईत हाय. तो मेला हे कुनाला म्हाईत हाय, तेवढं सांगा."

इथे माझ्या सुनेची गोष्ट सांगायला हवी. दिशा घरी बसून संगणकावर काम करते. गेल्या वर्षी गुरुजींच्या मुलानं, अमोलनं, घरातल्या जुन्या वह्या स्कॅन करायला घेतल्या. आपल्याकडे तीर्थाला आलेला माणूस उपाध्यांच्या वहीत स्वतःच्या हातानं घरातली नावं लिहितो, आलो तो दिवस लिहितो, सही करतो. गावागावाच्या वेगळ्या वह्या. गुरुजींच्या घरी नियम असा की बॉलपेन चालणार नाही, शाईचंच पेन. तिथेच दौत ठेवलेली असते. अमोलनं पानांचे फोटो काढले, संगणक ती नावं वाचतो, आणि ज्या ओळी त्याला वाचता येत नाहीत त्या लाल होऊन दिशाकडे येतात. ती डोळ्यांनी वाचून टाइप करते. तिला जुनी अक्षरं अडली की मला हाक मारते. पोथ्या वाचून माझे डोळे तयार झालेले आहेत.

पहिल्या महिन्यात ती वैतागली होती. म्हणाली, "आई, संगणक शिरोरेघेखालची मोकळी जागा बघून अक्षर वेगळं करतो. शाई फासली की ती जागा भरते. मग तीन अक्षरांचा एक गोळा होतो आणि तो काहीही वाचतो." त्यात अमोलनं सुरुवातीच्या वह्या नुसत्या काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलेल्या, फाइल लहान व्हावी म्हणून. काळ्या-पांढऱ्यात यंत्राला एवढंच ठरवायचं असतं, हा ठिपका काळा की पांढरा. फिकट फासलेली शाई काळ्यात गेली की अक्षर आणि डाग एकच. हळूहळू दिशाला सवय झाली. कुठल्या पानावर नुसता थेंब पडलाय आणि कुठल्या ओळीला सबंध उजवीकडे शेपूट आहे, हे ती लांबून ओळखायची. "हा डावखुरा," म्हणायची.

पालाशविधीला आठ दिवस असताना तिनं मला हाक मारली. मखमलाबादच्या बाजूच्या त्या गावाची वही होती. एका पानावर चार ओळी लाल. प्रत्येक अक्षराला उजवीकडे शेपूट. संगणकानं नावाच्या जागी अर्थ नसलेली अक्षरं दिली होती. दिशाला फक्त वडिलांचं नाव लागलं होतं, केरू. आणि शके १९३३.

केरू हे नवसाबाईच्या सासऱ्याचं नाव. मी खुर्चीत बसले.

रविराज गुरुजींकडे गेला होता तेव्हा अमोलनं गाव आणि आडनाव टाकून संगणकात शोधलं होतं. चौऱ्याऐंशी सालची केरूंची नोंद निघाली, त्यानंतर काही नाही. आता कळलं का नाही ते. नाव यंत्राला वाचताच आलं नव्हतं, तर सापडणार कुठून?

मी दिशाला म्हटलं, अमोलला फोन कर, हे पान रंगीत काढायला सांग. तासाभरात आलं. रंगीत पानात फरक दिसत होता. पेनाची रेघ गडद, फासलेली शाई पाण्यासारखी निळसर. दिशानं फिकट निळा हलके हलके कमी केला आणि अक्षरं एकमेकांपासून सुटली. मोतीराम केरू. मौजे अमुक. भाद्रपद वद्य पंचमी, शके १९३३. मातोश्री कै. लंकाबाई हिच्या श्राद्धास आलो. खाली मुलगा रविराज. त्याच्या वर पत्नी, मग एक मोठा थेंब, मग नवसाबाई.

म्हणजे दोन हजार अकरा. घर सोडून चौदा वर्षं झाल्यावर तो रामकुंडावर आला होता. आईची वार्ता त्याला पोचली होती. पितृपक्षात सकाळी येऊन बसला, पिंड दिले, वहीत लिहिलं आणि गेला. पूर्व दरवाजा तिथून पाच मिनिटांवर आहे. पितृपक्षातही नवसाबाई रोज बसते.

मी रात्रभर जप केला नाही, नुसती माळ हातात धरून बसले. सकाळी तिला सांगितलं. आधी कुणाला सांगावं, रविराजला की तिला, हे मला ठरवता आलं नव्हतं. ती हार ओवत होती. सुई थांबली. तिनं विचारलं, "डाव्या हाताचं हाय?" मी म्हटलं, "हो, सगळं फासलंय." तिनं माझ्या पुढ्यात माळ ठेवली आणि विचारलं, "माझं नाव घातलंय का त्यात?"

मी सांगितलं की आहे, पण नावापुढे डाग पडलाय. तिथं कै. लिहिलंय की सौ., ते दिसत नाही.

तिनं सुई फुलांत खोचली. म्हणाली, "कै. असंल. आई गेली हे कुनीतरी सांगितलं त्याला. त्याच मानसानं माझं बी सांगितलं असंल. सगळ्या गावानं मला मारलंच व्हतं तवा." हे म्हणताना तिचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. ती सांगत सुटली की म्हणूनच तो दरवाजाकडे आला नाही, बायको गेली म्हटल्यावर कुणाकडे येणार, पोरगं मोठं झालेलं, तोंड कसं दाखवणार. त्यानं पाणीसुद्धा सोडलं असेल म्हणाली, माझ्या नावानं. त्याच्या हातचं पाणी मिळालं मला, जितेपणी.

मग म्हणाली, "ताई, मला ते बघायचंय."

दिशानं संगणकावर खूप प्रयत्न केले. फासलेली शाई सुटते, थेंब सुटत नाही. थेंब म्हणजे शाईवर शाई. रेघ आणि डाग सारखेच गडद, वेगळं काढायला फरकच नाही. वर शिरोरेघेच्या बाहेर दोन मात्रा तेवढ्या दिसत होत्या. दोन मात्रा कै.लाही असतात आणि सौ.लाही.

तेव्हा अमोल म्हणाला की मूळ वहीच बघा. आम्ही चौघे दुपारी गुरुजींच्या घरी गेलो, नवसाबाई, मी, दिशा आणि रविराज. रविराज आईशी बोलत नव्हता. विधी पुढे ढकलावा लागणार म्हणून नव्हे. बाप आला होता आणि आपल्याला भेटला नाही, हे तो कुणावर काढणार होता?

गुरुजींनी वही लाल कापडातून काढली. त्यांना तो माणूस आठवत नव्हता. पितृपक्षात दिवसाला शंभर माणसं, सगळी डोकी भादरलेली. डागाकडे बघून ते म्हणाले, पेनात शाई थोडी उरली की आत हवा होते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि पेन टाकतं एकदम. त्यातून लिहिणारा थांबला असेल, पेन कागदावर धरून.

दिशाला एक गोष्ट माहीत होती. उजव्या हाताचा माणूस पेन ओढत लिहितो. डावखुरा ते ढकलत नेतो, म्हणून निब कागदात रुतते. शाईखाली कागदावर चर पडलेला असतो. तिनं अमोलला खिडकी लावायला सांगितली आणि मोबाइलचा उजेड पानाच्या कडेला आडवा, जवळजवळ पानाला टेकवून धरला. वरून बघताना जो नुसता काळा गोल होता, त्यात सावल्या उभ्या राहिल्या. मग पान उलटून मागून पाहिलं. मागच्या बाजूला त्याच रेघा वर उचललेल्या.

"आई, तुम्ही बघा," दिशा म्हणाली. तिनं पाहिलं होतं.

मी चष्मा पुसला. क ला उभी रेघ एक. सौ ला दोन, एक स ची आणि एक कान्याची. मी मोजल्या. मग बोट फिरवलं. पुन्हा मोजल्या. रामाचं नाव घेऊन सांगते, त्या क्षणी मला एकच दिसावी असं फार वाटलं.

नवसाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सही येते, वाचता येत नाही. मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मानलं असतं. गुरुजी समोर होते, देव्हारा मागे होता. मी म्हटलं, "सौ. आहे, नवसाबाई."

"पक्कं?"

"दोन रेघा आहेत."

तिनं हात पुढे केला. मी तिचं बोट धरून पानाच्या मागच्या बाजूला त्या दोन रेघांवरून फिरवलं, आधी एक, मग दुसरी. फुलांच्या देठांनी तिची बोटं हिरवट काळी पडलेली, टोकाला चिरा. तिला काही लागलं की नाही, मला कळलं नाही. तिनं हात मागे घेतला.

मग ती गुरुजींना म्हणाली, "आता बारा वर्सं कदीपासनं मोजायची?" गुरुजींनी सांगितलं, शेवटचा ठावठिकाणा लागला तिथून. अकरा सालापासून. ती दोन वर्षांपूर्वीच झाली.

"मग करून टाका," ती म्हणाली. "मी मेले असं समजून गेला असता, तर मी नसतं करू दिलं."

विधी ठरलेल्या दिवशीच झाला. मी गोदेच्या काठी गेले होते. रविराजनं पानांचा पुतळा उचलला तेव्हा तो इतका हलका होता की त्याला पावलं कशी टाकावीत ते समजेना. नवसाबाई आली नाही. दुपारी मी दरवाजाकडे गेले, तर ती बसली होती. सुतकात धंदा करू नये हे तिला सांगायला भागुबाईलाही धीर झाला नव्हता. फुलं फडक्याखाली झाकलेलीच होती. कपाळ पुसलेलं होतं आणि मेणाच्या जागी चकाकणारा गोल राहिला होता, लग्नापासून ऊन न लागलेला.

पत्रिका छापून आली. कै. मोतीराम. हळदीला सृष्टीनं आजीचा हात धरून ओढलं, पण ती मांडवाच्या बाहेर, भांड्यांपाशी बसून राहिली. मुलाकडच्या आजीनं तिला तिथे ताट पाठवलं.

त्यानंतर दिशानं मला विचारलं की ती लाल ओळ अजून तशीच आहे, नोंद पूर्ण करायची आहे, पत्नीच्या नावापुढे काय भरू. सौ. भरायला हवं होतं. आम्ही वाचलं होतं. मी म्हटलं, तिला विचारते.

नवसाबाई सुईत दोरा ओवत होती. तिनं विचारलं, ही नोंद कोण वाचणार. मी म्हटलं, सृष्टीची मुलं, त्यांची मुलं. आता फोनवरही दिसेल म्हणतात.

"मग नका लिवू," ती म्हणाली. "बायको हाय हे ठाव असून पाच मिन्टं चालला नाय, असा आजा कशाला पायजे त्यान्ला?"

दिशाला ते पटलं नाही. ती म्हणाली, "आई, दिसतं ते लिहायचं हाच तर माझा नियम." मी तिच्याशी वाद घातला नाही. ती पाणी प्यायला उठली, तेव्हा मी तिच्या खुर्चीत बसले आणि एक एक कळ शोधून त्या रकान्यात भरलं: शाईचा डाग, वाचता येत नाही. ओळीचा लाल रंग गेला. दिशा परत आली, तिनं ते वाचलं आणि पुढचं पान उघडलं.